बिल कपाटात ठेवायचं की बँकेत वटवायचं? शाहूपुरीतल्या एका १,२०,००० च्या बिलावरून

कोल्हापूरच्या लक्ष्मीपुरीत नवीन होलसेल चालू केलेल्या एका मित्राने विचारलं, की उधारीवर माल देताना गिऱ्हाइकाकडून बिल लिहून घेतोय, आता ते मुदत भरेपर्यंत जवळ ठेवू का लगेच बँकेत वटवून पैसे मोकळे करू. पुस्तकात दोन्हीच्या एंट्र्या सापडतात पण कुठलं कधी हे तिथं कोणी सांगत नाही. मी गेली बरीच वर्षं छोट्या दुकानांच्या वह्या लिहितो, आता टॅलीत लिहितो, आणि यात मी स्वतः एकदा चांगला अडकलोय, म्हणून तेच बिल घेऊन दोन्ही रस्ते शेजारी शेजारी ठेवतो.

दुकान शाहूपुरीतलं, पीव्हीसी पाइप आणि फिटिंगचं होलसेल. गिऱ्हाईक गडहिंग्लजचा किरकोळ दुकानदार, जुना, बोलायला सरळ माणूस. १० जून २०२५ ला १,२०,००० चा माल गेला आणि त्याच दिवशी आमच्या शेठनी त्याच्यावर तीन महिन्यांचं बिल काढलं. इथं बिल म्हणजे जीएसटीचं इनव्हॉइस नव्हे, विनिमय बिल, ज्याला आपले आजोबा हुंडी म्हणायचे त्याच जातीचं. काढणारे आम्ही, ज्याच्यावर काढलं तो गडहिंग्लजवाला, आणि पैसेही आम्हालाच किंवा आम्ही सांगू त्याला द्यायचे.

आधी सहीचं बोलू, कारण सही ढिली असेल तर पुढचा कुठलाच रस्ता उपयोगाचा नाही. त्याने बिलावर सही करून ते स्वीकारेपर्यंत त्या कागदावरून त्याच्यावर काहीच येत नाही, मालाचे पैसे तो तसेही देणं लागतो पण बिलाची म्हणून जबाबदारी सहीपासून सुरू होते. समोर बिल ठेवल्यावर त्याने विचार करायला वेळ मागितला तर कायद्याने ४८ तास द्यावे लागतात, सुट्टीचा दिवस यात धरत नाहीत, तेव्हा लगेच सही नाही केली म्हणून भडकू नका. पण सही करताना तो काय लिहितो ते मात्र डोळे उघडे ठेवून वाचा. "माल विकला की देईन", "एक लाखापुरतं मान्य", असं काही जोडलं की ती अटीची स्वीकृती झाली, आणि असलं बिल बँक बहुतेक हातात पण घेत नाही. दुसरं म्हणजे सही कोणाची. दुकान भागीदारीचं असेल तर भागीदाराने फर्मच्या नावाने सही करायची, गल्ल्यावर बसलेल्या मुनीमाची सही घेऊन आलात आणि त्याच्याकडे तसा अधिकार नसला तर उद्या फर्म सरळ हात वर करते. आणि पैसे कुठे द्यायचे, म्हणजे कुठल्या बँकेच्या कुठल्या शाखेत, ते तिथंच लिहून घ्या.

आमच्या बिलावर सही चोख होती. वहीत आधी विक्रीने त्याच्या नावे १,२०,००० पडलेले होतेच, सही आल्यावर येणं बिल खातं नावे १,२०,०००, गडहिंग्लजवाला जमा १,२०,०००. म्हणजे त्याचं उधारी खातं शून्य झालं आणि त्या जागी एक कागद आला. हे लक्षात ठेवा, कारण बिल परत आलं की नेमकं हेच उलटं फिरतं.

आता तारीख, इथं खूप जण चुकतात. १० जूनपासून तीन महिने म्हणजे १० सप्टेंबर, त्यात सवलतीचे ३ दिवस मिळवले की १३ सप्टेंबर. पण १३ सप्टेंबर २०२५ हा दुसरा शनिवार होता, बँका बंद. बिलाच्या कायद्यात देय दिवस सुट्टीला आला तर तो पुढे जात नाही, आधीच्या कामाच्या दिवशी येतो, त्यामुळे हे बिल १२ सप्टेंबर शुक्रवारी देय झालं. सोमवारी देतो म्हणणाऱ्याचं बिल तोपर्यंत परत आलेलं असतं.

आता मूळ प्रश्न.

ठेवायचं ठरवलं तर खर्च शून्य. बिल कपाटात, १२ सप्टेंबरला त्याच्यापुढे ठेवायचं, १,२०,००० मिळाले की बँक नावे, येणं बिल जमा, संपलं. गडहिंग्लजला जायचं नसेल तर आठ दिवस आधी आपल्या बँकेला वसुलीसाठी द्यायचं, त्याची एंट्री म्हणजे वसुलीसाठी पाठवलेली बिलं नावे, येणं बिल जमा, आणि पैसे आले की ते खातं जमा करून बंद. वसुलीला देणं म्हणजे वटवणं नव्हे, बँक फक्त तुमची पोस्टमन आहे, पैसे आले तरच देणार आणि थोडा चार्ज घेणार. तोटा एकच, तीन महिने तुमचे १,२०,००० अडकले.

वटवायचं ठरवलं तर आम्ही केलं तसं. १० जुलैला शेठना पुण्याच्या सप्लायरला पैसे द्यायचे होते, रोख दिले तर तो रेटमध्ये सूट देत होता, म्हणून बिल बँकेत नेलं. दर वर्षाला १२ टक्के. पुस्तकाच्या हिशोबाने दोन महिने राहिले म्हणजे बँक आधीच कापून घेते ती कसर २,४००. बँक दिवस मोजते, १० जुलै ते १२ सप्टेंबर ६४ दिवस, १,२०,००० वर १२ टक्क्यांनी ६४ दिवसांचे २,५२५ झाले, आणि खात्यात आले १,१७,४७५. एंट्री अशी, बँक नावे १,१७,४७५, कसर खातं नावे २,५२५, येणं बिल जमा १,२०,०००. बघा, बिल वहीतून गेलं. वहीत बघणाऱ्याला वाटतं विषय संपला, मलाही तेच वाटलं होतं.

विषय संपलेला नसतो. बँकेने ते बिल तुमच्याकडून विकत घेऊन जोखीम पदरात घेतली असं नाही, गिऱ्हाइकाने नाही दिले तर तुम्ही द्यायचे या बोलीवर तिने पैसे दिलेत. बिल काढणारा म्हणून तुमची सही त्यावर आहेच. म्हणून तुम्ही गिऱ्हाइकाची पत वापरून पैसे उचलले असं वाटतं पण खरं तर स्वतःचीच पत वापरून उचललेत. ३१ मार्चला असं वटवलेलं बिल मुदतीत असेल तर एंट्री काही नसते, पण ताळेबंदाखाली संभाव्य देणं म्हणून ते लिहावं लागतं, ही ओळ छोट्या दुकानांच्या ताळेबंदात नव्वद टक्के वेळा गाळलेली मी बघितलीय.

आता काय झालं ते सांगतो. ऑगस्ट संपत आला आणि गडहिंग्लजहून ऑर्डर येणं बंद झालं. त्याचा फोन आधी स्वतः उचलायचा, मग पोरगा उचलायला लागला. कारण साधं होतं, आमच्याच लक्षात जूनमध्ये यायला पाहिजे होतं. त्याची गिऱ्हाइकं ऊसवाले शेतकरी, जूनच्या सुरुवातीला पाइप घेतले उधारीवर, पावसाळ्यात पाइपची विक्री बसते, आणि शेतकऱ्याच्या हातात पैसा येणार कारखाने सुरू होऊन उसाची बिलं निघाल्यावर, म्हणजे नोव्हेंबर उलटल्यावर. जूनचं तीन महिन्यांचं बिल सप्टेंबरला पडतं, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात कोरड्या आठवड्यांत. माणूस खोटा नव्हता, मुदत चुकीची होती.

१२ सप्टेंबरला बिल परत आलं. बँकेने नोटरीकडून त्याची नोंद करून घेतली, नोटिंगचे २०० लागले. (देशातल्या देशात असलेल्या बिलाला नोटिंग सक्तीचं नाही, पण बिल समोर ठेवलं आणि पैसे मिळाले नाहीत याचा तो तारखेसकट पुरावा असतो, म्हणून २०० साठी मागे हटू नका.) आणि त्याच दिवशी बँकेने आमच्या खात्यातून १,२०,२०० ओढले. नोटीस टपालाने तीन दिवसांनी आली. मधल्या काळात पुण्याच्या सप्लायरला दिलेला ७०,००० चा आमचाच चेक बँकेत गेला आणि शिल्लक नाही म्हणून परत आला. गिऱ्हाइकाचं बिल परत आलं तर तो दिवाणी मामला असतो, पण आपला चेक परत आला तर कलम १३८ चा फौजदारी खटला आपल्यावर. शेठनी इकडून तिकडून करून दोन दिवसांत सप्लायरचे पैसे भरले, पण बारा वर्षांचा संबंध होता तिथं पहिल्यांदा मान खाली घालावी लागली. चूक माझी होती, येणं बिल खातं शून्य दिसतंय म्हणून मी १२ तारखेसाठी खात्यात काहीच राखून ठेवायला सांगितलं नव्हतं.

अनादराची, म्हणजे बिल परत आल्याची, एंट्री बिल त्या दिवशी कुणाच्या हातात आहे त्यावर ठरते, म्हणून एकाखाली एक देतो.

| बिल कुठे होतं | नावे | जमा |
|---|---|---|
| आपल्याच कपाटात | गडहिंग्लजवाला १,२०,२०० | येणं बिल १,२०,०००, रोख २०० |
| बँकेत वटवलेलं | गडहिंग्लजवाला १,२०,२०० | बँक १,२०,२०० |
| बँकेत वसुलीला | गडहिंग्लजवाला १,२०,२०० | वसुलीची बिलं १,२०,०००, बँक २०० |
| सप्लायरला फिरवून दिलेलं | गडहिंग्लजवाला १,२०,२०० | सप्लायर १,२०,२०० |

नावेची बाजू बघा, चारही ठिकाणी तीच. गिऱ्हाईक परत कर्जदार झाला, नोटिंगसकट. फरक फक्त जमेला, म्हणजे पैसे कुणी गमावले तिथं. आणि गडहिंग्लजच्या वहीत तर चारही वेळेला एकच एंट्री, देणं बिल नावे १,२०,०००, नोटिंग खर्च नावे २००, आमचं खातं जमा १,२०,२००. त्याला काय फरक पडतो बिल कुणाच्या कपाटात होतं. नवीन पोरं हमखास एक चूक करतात, वटवलेल्या बिलाच्या अनादराला येणं बिल खातं जमा करतात. ते खातं वटवताना आधीच रिकामं झालेलं असतं, मग ते उणे १,२०,००० दाखवायला लागतं. टॅलीत येणं बिल खात्याला जमा शिल्लक दिसली की पहिल्यांदा हीच चूक शोधायची. आणि २,५२५ कसर? ती परत येत नाही, ६४ दिवस पैसे वापरलेत त्याचं ते भाडं, अनादराच्या एंट्रीत तिला हात लावायचा नाही.

मग रिन्यूअल. १५ तारखेला गडहिंग्लजवाला स्वतः शाहूपुरीत आला, हे त्याचं मोठेपण मी मानतो. ४०,२०० रोख आणले आणि उरलेल्या ८०,००० ला मुदत मागितली. शेठनी या वेळी उसाच्या बिलांचा हिशोब धरून तीन महिने दिले, व्याज वर्षाला १५ टक्के, म्हणजे ३,०००. वहीत असं गेलं. गडहिंग्लजवाला नावे ३,०००, व्याज जमा ३,०००. मग रोख नावे ४०,२००, गडहिंग्लजवाला जमा ४०,२००. मग नवीन बिल सही होऊन आलं, येणं बिल नावे ८३,०००, गडहिंग्लजवाला जमा ८३,०००. ताळा करा, १,२०,२०० अधिक ३,००० वजा ४०,२०० वजा ८३,०००, खातं शून्य. शून्य नाही आलं तर बहुतेक नोटिंगचे २०० विसरलेले असतात. उशिराच्या व्याजावर जीएसटीही बसतो, मालाला जो दर तोच, त्याची वेगळी डेबिट नोट काढा. वर मी तो धरला नाही, नाहीतर आकडे समजायला जड जातील.

ठेवायचं का वटवायचं याचा खरा निकाल माझ्या मते इथं लागतो. बिल कपाटात असतं आणि गिऱ्हाईक मुदतीच्या आधी आठ दिवस येऊन म्हणाला असता की मुदत वाढवा, तर जुनं बिल रद्द, नवीन बिल, चहा पिऊन विषय मिटला असता, नोटरी नाही, बँकेच्या वहीत डाग नाही. बिल बँकेत असलं की रिन्यूअल तुमच्या हातात राहत नाही. एक तर मुदतीआधी बँकेचे पैसे भरून ते सोडवून आणा, म्हणजे १,२०,००० आधी तुमच्याकडे पाहिजेत, नाहीतर ते परत येऊ द्या आणि मग बोला. आणि दोन-तीन बिलं अशी परत आली की बँक त्या गिऱ्हाइकाचं पुढचं बिल वटवत नाही, कधी कधी तुमचंही.

म्हणून मित्राला मी व्याजदर विचारायच्या आधी दोनच गोष्टी विचारल्या. मुदत भरते त्या दिवशी बिलाची पूर्ण रक्कम तुझ्या खात्यात ओढली गेली तर दुकान चालेल का. आणि हे गिऱ्हाईक मुदत वाढवून मागण्यातलं आहे का. पहिल्याचं उत्तर हो असेल तर खुशाल वटव, १,२०,००० वर २,५२५ मध्ये सप्लायरकडून रोखीची दोन-अडीच टक्के सूट मिळत असेल तर हिशोब बरोबरीत सुटतो, आणि सीझनचा माल उचलता येत असेल तर फायद्यातच. नाही असेल तर त्या गिऱ्हाइकाचं बिल जवळच ठेव, पैशाची गरज दुसरीकडून भागव, कॅश क्रेडिट लिमिट शिल्लक असेल तर तीच वापर, तिथं निदान तारीख तुझ्या हातात असते. मुदत वाढवून मागणारा असेल तर मग प्रश्नच नाही, त्याचं बिल वटवायचं नाही.

सगळी बिलं सारखी नसतात म्हणून सगळ्यांना एकच नियम लावू नका. कोल्हापूर शहरातलं एखादं दुकान दर महिन्याला ठरल्या दिवशी पैसे देतं, त्याचं बिल मी डोळे झाकून वटवायला सांगेन. तालुक्याच्या ठिकाणचं, शेतीच्या पैशावर चालणारं दुकान असेल तर मुदत कुठल्या महिन्यात पडते ते आधी बघेन. आणि तुम्ही स्वतः उत्पादक असाल, शिरोली किंवा गोकुळ शिरगावात छोटं युनिट आणि उद्यम नोंदणी असेल, तर खरेदीदाराने ४५ दिवसांच्या आत पैसे द्यावेत असा कायदा तुमच्या बाजूने आहे, तिथं तीन महिन्यांचं बिल स्वतःहून देऊ करणं म्हणजे आपला हक्क सोडणं. आमच्यासारख्या व्यापाऱ्याला तो आधार नाही.

पुढच्या तारखेचा चेक घेऊ का बिल, हेही त्याने विचारलं. चेक परत आला तर १३८ ची भीती असते, बिलाला ती नाही, बिलावर दिवाणी दावाच करावा लागतो, तीन वर्षांच्या आत. हा दावा त्यातल्या त्यात लवकर चालतो कारण सही केलेला कागद समोर असतो. पण पुढच्या तारखेच्या चेकवर बँक सहसा पैसे देत नाही, बिलावर देते. म्हणजे वटवायचंच नसेल तर अनोळखी गिऱ्हाइकाकडून चेक बरा, वटवायचं असेल तर बिलाशिवाय मार्ग नाही.

८३,००० चं दुसरं बिल आम्ही वटवलं नाही. १५ सप्टेंबरपासून तीन महिने आणि ३ दिवस म्हणजे १८ डिसेंबर, गुरुवार, बँका चालू. आठ दिवस आधी वसुलीला दिलं, त्याच संध्याकाळी मी गडहिंग्लजला फोन केला, या वेळी त्याने स्वतः उचलला आणि म्हणाला, "काळजी करू नका ओ, पहिली उसाची बिलं निघालीत." १८ तारखेला दुपारी खात्यात पैसे आले, बँक नावे, वसुलीची बिलं जमा, चार्ज वेगळा लिहिला आणि त्याचं पान बंद केलं.